वारंवारतेची मर्यादा आणि वाचकाची निवड

मोबाइलवरील एखाद्या अॅपने एका व्यक्तीला ठरावीक काळात जास्तीत जास्त किती नोटिफिकेशन पाठवावीत याची जी कमाल संख्या आखली जाते, तिला वारंवारता-मर्यादा म्हणतात; आणि कोणत्या विषयाची नोटिफिकेशन हवीत, किती हवीत व कोणत्या वेळी नकोत हे त्या व्यक्तीने स्वतः नोंदवण्यासाठी अॅपमध्ये जो विभाग ठेवलेला असतो, त्याला पसंती-केंद्र म्हणता येईल. ही दोन कामे बहुधा दोन वेगळ्या गटांकडे सोपवली जातात, त्यामुळे ती एकमेकांशी न बोलता चालतात, आणि खरा घोटाळा तिथेच होतो. वास्तविक मर्यादा हा कंपनीचा अंदाज असतो आणि निवड हे वापरणाऱ्याने स्पष्टपणे सांगितलेले असते. म्हणून जिथे सांगितलेले आहे तिथे अंदाजाने मागे सरले पाहिजे, या एका तत्त्वावर दोन्हींची रचना उभी राहायला हवी.

बातम्यांच्या एखाद्या मराठी अॅपचा विचार केला तर हे स्पष्ट होते. समजा, त्या अॅपने दर 24 तासांना 4 नोटिफिकेशनची मर्यादा घातली आहे, आणि कोल्हापुरातील एका वाचकाने पसंती-केंद्रात फक्त ‘माझा जिल्हा’ हा विभाग आवर्जून निवडला असून बाकीचे विभाग मुळात सुरू होते तसेच राहू दिले आहेत. सकाळी सातला राशिभविष्य येते, नऊला ठळक बातम्या येतात, अकराला क्रिकेट आणि एकच्या सुमारास एका चित्रपटाची झलक येते. संध्याकाळी राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेने 39 फुटांची इशारा पातळी गाठल्याची बातमी तयार होते तेव्हा त्या वाचकाचा दिवसाचा कोटा संपलेला असतो आणि त्याने मागितलेली एकमेव गोष्ट अडवली जाते. यात तांत्रिक बिघाड कुठेच दिसत नाही, कारण मर्यादा काटेकोरपणे पाळली गेलेली असते. चूक आहे ती ‘आधी येईल त्याला जागा’ या नियमात. त्यावर उपाय म्हणजे चारांपैकी दोन जागा वाचकाने स्वतः निवडलेल्या विभागांसाठी राखून ठेवणे, आणि दिवसभरात त्या वापरल्या गेल्या नाहीत तर त्या रिकाम्याच सोडणे. रिकाम्या जागा रात्री जाहिरातीने भरून काढण्याचा मोह विक्री विभागाला हमखास होतो, पण तसे केले की राखीव जागेला काही अर्थ उरत नाही.

पुरासारखी बातमी मर्यादेच्या बाहेरच ठेवावी असा युक्तिवाद केला जातो आणि तो रास्त आहे. मात्र ‘तातडीचे’ हा शिक्का कोणी मारायचा हे लिहून ठेवले नाही, तर काही महिन्यांतच सवलतीची शेवटची तारीखही तातडीची ठरू लागते. म्हणून सूट विशेषणावर नव्हे तर अटीवर द्यावी लागते: पुढच्या तासाभरात वाचकाच्या वागण्यात ज्यामुळे फरक पडेल तेवढेच सूट मिळवण्यास पात्र, आणि एकाच घटनेबद्दल दुसऱ्यांदा आवाज करायचा तो परिस्थितीचा टप्पा बदलल्यावरच. पंचगंगेच्या बाबतीत 39 फुटांची इशारा पातळी आणि 43 फुटांची धोका पातळी हे असे दोन टप्पे आहेत. मधल्या प्रत्येक इंचासाठी नवे नोटिफिकेशन धाडण्याऐवजी आधीचेच आवाज न करता बदलता येते. अँड्रॉइडवर आवाज एकदाच व्हावा अशी खूण लावून तोच ओळख-क्रमांक पुन्हा वापरल्याने आणि आयफोनवर apns-collapse-id हा हेडर तोच ठेवून नव्या संदेशात ध्वनी न दिल्याने हे साधते, आणि असा मूक बदल मर्यादेत मोजू नये.

मोजणीत आणखी एक गफलत होते. मर्यादा मध्यरात्री शून्यावर आणली तर रात्री अकरानंतर चार आणि बारानंतर चार, अशी तासा-दोन तासांत आठ नोटिफिकेशन नियम न मोडता जाऊ शकतात. म्हणून पाठवण्याच्या क्षणापासून मागचे 24 तास मोजणारी सरकती खिडकी वापरावी. शिवाय क्रीडा विभागाची आणि जिल्हा विभागाची यंत्रणा एकाच क्षणी ‘आतापर्यंत तीन’ असे वाचतात आणि दोघीही चौथे पाठवतात, तेव्हा मर्यादा ओलांडली जाते. तपासणी आणि आकडा वाढवणे या दोन क्रिया एकाच अविभाज्य टप्प्यात, सर्व विभागांना समान असलेल्या एकाच दारावर झाल्या तरच हे टळते. पाठवलेले आणि पोहोचलेले यांतही अंतर असते: फायरबेस क्लाउड मेसेजिंगमध्ये मुदत नमूद केली नाही तर संदेश 28 दिवसांपर्यंत साठवला जाऊ शकतो, त्यामुळे दोन दिवस बंद असलेला फोन सुरू होताच शिळ्या नोटिफिकेशनचा एकदम मारा होतो, जरी सर्व्हरच्या हिशेबात प्रत्येक दिवसाची मर्यादा पाळलेली असली तरी. सामना सुरू झाल्याच्या बातमीला तासाभराची मुदत पुरे. मुदत संपली की ती गेली तरी चालेल.

पसंती-केंद्राची मांडणी करताना विभागांची नावे कंपनीच्या अंतर्गत खात्यांवरून ठेवणे ही सर्वांत सर्रास आढळणारी चूक आहे. ‘विशेष मोहीम’ म्हणजे काय हे वाचकाला कळण्याचे कारण नाही. ‘पुस्तक परीक्षणे, आठवड्यातून साधारण दोन’ असे लिहिले तर काय येणार आणि किती येणार हे दोन्ही कळते. सुरू आणि बंद यांच्यामध्ये ‘फक्त महत्त्वाचे’ आणि ‘दिवसातून एकदा एकत्र’ असे पर्याय दिले नाहीत, तर थोडे कमी हवे असणाऱ्यालाही सगळेच बंद करावे लागते. निवड पाठवण्याच्या अगदी आधी तपासली पाहिजे; सकाळी यादी तयार करून दुपारी पाठवणाऱ्या यंत्रणेत दहा वाजता बंद केलेला विभाग एक वाजता वाजतो, आणि मग वाचकाचा त्या बटणावरचा विश्वास उडतो.

या बटणाच्या पलीकडे आणखी एक दार असते. अँड्रॉइडच्या 2017 मधील आठव्या आवृत्तीपासून नोटिफिकेशनचे वर्ग, म्हणजेच चॅनल, अॅपला जाहीर करावे लागतात, आणि चॅनल एकदा तयार झाले की त्याचा आवाज व महत्त्व बदलण्याचा अधिकार अॅपकडे न राहता फोनच्या मालकाकडे जातो. वाचकाने बंद केलेले चॅनल पुसून नव्या नावाने पुन्हा उघडण्याची पळवाट काही ठिकाणी काढली जाते. ती सरळसरळ फसवणूक आहे, आणि पुसलेल्या चॅनलची संख्या फोनच्या सेटिंगमध्ये दिसत असल्याने ती लपतही नाही. त्याऐवजी पसंती-केंद्र उघडताना चॅनलची प्रत्यक्ष स्थिती वाचून तीच दाखवावी, म्हणजे अॅपमध्ये ‘सुरू’ आणि फोनमध्ये ‘बंद’ असा विसंवाद उरत नाही. आयफोनवर अशी चॅनल नसल्याने विषयवार निवड पूर्णपणे अॅपनेच सांभाळायची असते, आणि तिथे केंद्र कमकुवत असेल तर वाचकाच्या हाती एकच मोठे बटण उरते, ते म्हणजे अॅपची सर्व नोटिफिकेशन बंद करण्याचे.

रचना ठीक चालली आहे की नाही हे उघडलेल्या नोटिफिकेशनच्या एकूण संख्येवरून ठरवता येत नाही, कारण जास्त पाठवले की ती संख्या काही काळ वाढतेच. परवानगीच काढून घेणाऱ्यांचे प्रमाण मात्र आठवड्यांनी दिसू लागते, म्हणून वाचकांचा एक छोटा गट दीर्घकाळ कमी मर्यादेवर ठेवून त्याच्याशी तुलना करावी लागते. त्याहून लवकर हाती येणारा पुरावा म्हणजे अडवलेल्या प्रत्येक संदेशापुढे कारण नोंदवणे: निवडीमुळे, मर्यादेमुळे की मुदत संपल्यामुळे. या नोंदींत ‘वाचकाने निवडलेला विभाग, मर्यादेमुळे अडवला’ अशी जी ओळ असेल ती सर्वांत आधी वाचावी, आणि त्या दिवशी त्याच वाचकाकडे न मागता कोणती चार नोटिफिकेशन गेली होती ते पाहावे.