अर्धा कप चहा

जानेवारी २०२५ मध्ये आमच्या आई-बाबांच्या विवाहाला ५० वर्षे पूर्ण झाली. कृतज्ञतेच्या मिस्सानंतर घरच्यांपैकी कोणीतरी चार शब्द बोलावेत, असा फादरांचा आग्रह होता. त्यासाठी आम्ही तिघे भावंडे आठवडाभर आधी घराच्या ओट्यावर एकत्र बसलो, तेव्हा आमची चांगलीच अडचण झाली. सांगण्याजोगे असे आमच्याजवळ काहीच नव्हते. बाबांनी आईला वाढदिवसाची भेट दिल्याचे आम्हांला आठवत नव्हते. आईने बाबांचे चारचौघांत कौतुक केल्याचेही आठवत नव्हते. दोघांचे एकत्र असे लग्नातले एकच छायाचित्र, आणि त्यातही दोघे वेगवेगळ्या दिशांना पाहत असलेले. शेवटी थोरली म्हणाली, “मोठे काही नसेल तर राहू द्या. रोजचे काय आठवते ते सांगा.” मग मात्र रात्र पुरेना. त्या रात्री आठवले त्यातले थोडे इथे लिहीत आहोत.

पहिली आठवण निघाली ती चहाची. बाबा पहाटेचा चहा बशीत ओतून पितात. कपातला अर्धा चहा बशीत घेतात, उरलेल्या अर्ध्यासकट कप चुलीशेजारच्या फळीवर ठेवतात आणि म्हणतात, “फार गरम आहे.” तो अर्धा कप मग आई उभ्या उभ्याच पिते. लहानपणी आम्हांला वाटे की आईला चहा फारसा आवडत नाही. खरी गोष्ट पुष्कळ वर्षांनी आत्याने सांगितली. १९७५ साली आई वसईतल्या या घरात सून म्हणून आली, तेव्हा घरात नऊ माणसे होती. म्हशीचे दूध विकायला जाई आणि घरात जेमतेम चहापुरते राही. आधी पुरुषमाणसे, मग आजी, मग मुले, असा चहा वाटला जाई. नव्या सुनेची पाळी येईपर्यंत पातेल्यात चोथाच उरे. आपल्या बायकोला चहा द्या, असे त्या काळी वडीलधाऱ्यांसमोर कोणत्या मुलाने म्हणावे? बाबा तसे म्हणाले नाहीत. त्यांना चहा अचानक गरम लागू लागला, इतकेच. उष्टा कप उचलून विसळणे हे सुनेचेच काम, त्यामुळे कोणाला बोलायलाही जागा राहिली नाही.

पुढे चुली वेगळ्या झाल्या, घरात दूध मुबलक आले, तरी फळीवरचा अर्धा कप राहिलाच. धाकट्याचे लग्न झाले तेव्हा नव्या वहिनींनी पहिल्याच पहाटे मोठ्या मायेने दोघांपुढे दोन भरलेले कप ठेवले. बाबांनी आपला अर्धा चहा प्यायला आणि कप फळीवर ठेवला. आईने तो कप उचलून संपवला. तिच्यासाठी ओतलेला भरलेला कप तसाच निवून गेला. वहिनी बिचाऱ्या दिवसभर चहात काय चुकले म्हणून विचार करीत होत्या.

चहानंतर वाडी. उन्हाळ्यात मोगरा आणि थंडीत कागडा, ही आमच्या घरची फुले. मोगऱ्याची कळी उमलण्याआधी खुडावी लागते, आणि पहाटेच्या गाडीने दादरच्या फुलबाजारात पोहोचवावी लागते. म्हणून खुडणी अंधारातच सुरू होई. भरून पांढरी झालेली, पण मिटलेली कळी घ्यायची. हिरवट दिसते ती उद्यासाठी ठेवायची. कंदील एकच होता. झाडांच्या रांगेच्या एका बाजूला आई आणि दुसऱ्या बाजूला बाबा, आणि बाबांच्या डाव्या हातात कंदील. त्या कंदिलाचा उजेड नेहमी आईच्या बाजूला पडलेला असे. आई दोन्ही हातांनी खुडी, बाबा एका हाताने. साहजिकच तिची टोपली आधी भरे. मग ती काही न बोलता आपल्या टोपलीतल्या दोन ओंजळी झाडांवरून त्यांच्या टोपलीत टाकी. रांगेच्या टोकाला पोहोचत तेव्हा दोन्ही टोपल्या सारख्याच भरलेल्या दिसत. पुढे विजेरी आली तेव्हा आम्ही एक आईसाठीही आणली. ती अजून कपाटात कोरी पडून आहे.

हे वाचून कोणाला वाटेल की आमच्या घरात कधी भांड्याला भांडे लागलेच नाही. तसे नाही. १९९४ साली थोरलीला परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला आणि पैशांची निकड लागली. त्या सुमारास आमच्याकडे जमिनीला गिऱ्हाईक शोधावे लागत नव्हते. इमारती बांधणारे स्वतःच दारात येत. बाबांनी विहिरीकडच्या मोगऱ्याच्या तुकड्याचा शब्द दिला आणि विसाराची रक्कम घेऊन घरी आले. आईला विचारले नव्हते. तिने ते पैसे ओट्यावरच ठेवू दिले, आत नेले नाहीत. राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशीची ही गोष्ट. त्या रात्रीपासून दोघांचे बोलणे बंद झाले.

सबंध उपवासकाळ ते तसेच राहिले. “आईला सांग, जाळे आणले आहे,” “बाबांना विचार, जेवायला कधी वाढू,” असे निरोप आमच्यामार्फत जात. धाकटा सहा वर्षांचा होता. निरोप पोहोचवता पोहोचवता तो एकदा मध्येच रडायला लागला. आम्हां मोठ्यांनाही भीती वाटत होती; पण कशाची, ते सांगता आले नसते. मात्र फळीवर अर्धा कप रोज दिसे. वाडीत कंदील रोज त्याच बाजूला धरलेला असे.

आणि रात्री जपमाळ होई. ‘नमो मारिया’ ही प्रार्थना दोन भागांत म्हटली जाते, हे वाचकांना सांगायला नको. आमच्या घरी पूर्वार्ध बाबा म्हणत आणि उत्तरार्ध आई उचले, आम्ही तिच्यामागून. एका माळेत ५३ वेळा. दिवसभर एकमेकांशी न बोललेले ते दोन आवाज रात्री असे ५३ वेळा एकमेकांना उत्तर देत. आईला वाटते तर ती गप्प बसू शकली असती, आम्ही तिघे उत्तर द्यायला होतोच. पण तिने एकदाही चुकवले नाही.

पवित्र सप्ताहातल्या एका रात्री बाबांचे लक्ष माळेवर नव्हते. दहा मणी संपले तरी त्यांनी अकरावी सुरू केली. उत्तरार्ध आला नाही. आई हळूच म्हणाली, “दहा झाल्या.” बाबा थांबले. “झाल्या?” त्यांनी विचारले. “झाल्या,” आई म्हणाली. चाळीस दिवसांतले त्यांचे एवढेच संभाषण. पास्काच्या सणानंतर बाबांनी विसार परत केला. आईने हातातल्या दोन पाटल्या मोडायला दिल्या आणि थोरलीची फी भरली. पुढे बाबा फुलांच्या पैशांतून रोज थोडे डब्यात टाकू लागले. चार वर्षांनी त्यांनी एक पाटली करून आणली आणि बोलून न दाखवता फळीवर कपाशेजारी ठेवली. दुसरी काही झाली नाही. आईच्या एका हातात पाटली आणि दुसऱ्या हातात काचेच्या बांगड्या असतात, त्या तेव्हापासून.

२०१९ च्या पावसाळ्यात बाबांना पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली होती, त्यामुळे उजवा हात-पाय लुळा पडला आणि वाचा गेली. आपण बोललेले त्यांना बरेचसे समजत होते; पण ‘पाणी’ हा शब्दसुद्धा त्यांना सापडत नव्हता. तोंड उघडे, डोळ्यांत धडपड दिसे आणि काहीतरी भलताच शब्द बाहेर पडे. रुग्णालयातून घरी आणल्यावर पहिल्याच रात्री आईने नेहमीच्या वेळी माळ काढली. पूर्वार्ध कोणी म्हणायचा, म्हणून आम्ही एकमेकांकडे पाहत होतो, तोच खाटेवरून आवाज आला. अडखळत, पण अख्खा पूर्वार्ध. आईने उत्तरार्ध उचलला. आम्हांला मात्र तो उचलता आला नाही.

आम्हांला वाटले, आता वाचा परत येणार. पुढे घरी येऊन शिकवणाऱ्या वाचा-उपचार बाईंनी ती समजूत दूर केली. नवे वाक्य जुळवणे आणि हवा तो शब्द शोधणे हे मेंदूचे एक काम आहे. वर्षानुवर्षे एकाच क्रमाने म्हटलेले, मग ते अंक असोत, वारांची नावे असोत, गाणे असो वा प्रार्थना, ते पुष्कळदा दुसऱ्या वाटेने बाहेर येते. म्हणून ‘पाणी’ न म्हणू शकणारा माणूस प्रार्थना म्हणू शकतो. त्यावरून बोलणे पूर्ववत होईल असे मात्र धरू नये. बाई म्हणाल्या तसेच झाले. सरावाने बाबांना आता दहा-बारा शब्द नीट येतात. बाकी खुणांवर चालते.

पण चहाला शब्द लागत नाही. आता आईच बशीत चहा ओतते आणि त्यांच्या ओठांशी धरते. अर्धा संपला की ते मान फिरवतात. दुधाची ददात नाही आणि डॉक्टरांची मनाईही नाही, तरी अर्ध्यावरच मान फिरते. उरलेला चहा आई पिते. वाडीत मोगऱ्याच्या दोनच रांगा राखल्या आहेत. पहाटे धाकटा बाबांना बांधाजवळ खुर्चीत बसवतो, आणि ते डाव्या हातात विजेरी धरतात. तो हात तसा नेहमीच विजेरीचा.

सुवर्णमहोत्सवाच्या मिस्सात विवाहाच्या वचनांचे नूतनीकरण असते. बाबांना ती वचने म्हणता येणार नाहीत, हे आम्ही फादरांना आधीच सांगून ठेवले होते. पन्नास वर्षांपूर्वी एकदाच म्हटलेले शब्द ते. ते जिभेवर कसे राहणार? फादरांनी वचने प्रश्नाच्या रूपाने विचारली आणि बाबांनी मान हलवली. तेवढ्याने भागले. थोरलीने चार शब्द बोलायला कागद उघडला खरा. पण चहाच्या गोष्टीपलीकडे तिला जाता आले नाही.

रात्री पाहुणे गेले, मांडवातले दिवे विझले. आई दमली होती. आजच्या दिवस माळ राहू दे, असे आम्ही म्हणालो. तिने ऐकले नाही. बाबांनी सुरुवात केली, तिने उत्तर दिले. तिसऱ्या दशकात बाबा दहावरून पुढे गेले. दिवसाच्या दगदगीने असेल, त्यांनी अकरावी सुरू केली.

“दहा झाल्या,” आई म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे पाहिले आणि, त्यांना येणाऱ्या दहा-बारा शब्दांत जो नाही असे आम्ही समजत होतो, तो शब्द उच्चारला. “झाल्या?”

“झाल्या,” आई म्हणाली, आणि तिने माळेचा पुढचा मणी त्यांच्या डाव्या हाताच्या बोटांत दिला.