पाळी गेल्यानंतरची जळजळ

बाई बावन्न वर्षांच्या, हायस्कुलात गणित शिकवणाऱ्या. पाळी जाऊन तीन वर्षं झाली होती. माझ्या दवाखान्यात आल्या त्या लघवीच्या जळजळीची तक्रार घेऊन. अँटिबायोटिक घेऊन झाली होती, पण लघवीच्या कल्चरमध्ये जंतू कधी सापडलेच नव्हते. असा रिपोर्ट पाहिला की मी विचारतेच, "संबंधाच्या वेळी दुखतं का?"

त्यांनी आधी दार नीट लागलंय का ते पाहिलं. "मॅडम, सुरी लागल्यासारखं दुखतं. वर्षभर मी यांना जवळ येऊ दिलेलं नाही. त्यांना वाटतं, मी रागावलेय."

तपासायला लहान स्पेक्युलम घेतला. योनीचं अस्तर फिकट आणि गुळगुळीत झालं होतं, आतल्या घड्या पुसल्या गेल्या होत्या आणि नुसत्या स्पर्शाने रक्ताचे बारीक ठिपके उमटले. आम्लता मोजायच्या कागदाने पीएच ६ दाखवला; पाळी चालू असताना तो साधारण ४.५ च्या आत असतो. इस्ट्रोजेन घटलं की हे अस्तर पातळ होतं, ओलावा कमी होतो, संरक्षक लॅक्टोबॅसिलस जंतू ओसरतात. मूत्रमार्गाचं अस्तरही याच संप्रेरकावर पोसलेलं, म्हणून तिथेही जळजळ. अंगातून निघणाऱ्या गरम वाफा बहुतेकींच्या काळाने ओसरतात. हा कोरडेपणा मात्र उपचाराविना सहसा वाढतच जातो. त्यात बाई 'स्वच्छतेसाठी' रोज जंतुनाशकाने धूत होत्या. ते आधी बंद केलं.

सौम्य त्रासाला आठवड्यातून दोन-तीनदा योनीत लावायचं मॉइश्चरायझर आणि संबंधाच्या वेळी वंगण पुरतं. यांचं अस्तर फारच नाजूक झालेलं, म्हणून सोबत कमी मात्रेचं इस्ट्रिऑल मलम दिलं: दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा, अॅप्लिकेटरने आत.

तीन आठवड्यांनी त्या परत आल्या. फरक नव्हता. डब्यातल्या पत्रकात कर्करोगाचा उल्लेख वाचून मलम बाजूला ठेवलं होतं, आणि एकदा संबंधाआधी वंगणासारखं लावून पाहिलं होतं. मलम हे वंगण नव्हे. अस्तर भरून यायला आठ ते बारा आठवडे लागतात. पत्रकातला इशारा आला तो मुख्यतः पोटातून घ्यायच्या संप्रेरकांच्या अभ्यासांवरून. एवढ्या मात्रेतलं फारच थोडं रक्तात उतरतं. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असता, तर मात्र मी कर्करोगतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय ते लिहून दिलं नसतं.

हे समजल्यावर त्यांनी मलम नियमित लावलं. पुढच्या खेपेला त्यांचे पती सोबत आले. जळजळ थांबली होती, तरी दुखण्याच्या धास्तीने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळले जात होते. त्यासाठी फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं; तिथे स्नायू सैल सोडायला आणि लहानापासून सुरुवात करून डायलेटर वापरायला शिकवलं. योनीच्या लेझर उपचाराबद्दल पतींनी विचारलं, मी नको म्हटलं. अमेरिकेच्या एफडीएने 2018 मध्ये अशा लेझरने भाजणं, व्रण आणि वेदना होऊ शकतात, असा इशारा दिला आहे.

बाई आता मलम आठवड्यातून दोनदा लावतात. बंद केलं तर कोरडेपणा परततो, हे त्यांना ठाऊक आहे. आणि रक्ताचा एक डाग दिसला तरी त्याच आठवड्यात दाखवायला यायचं, हेही.