उजळून आलेले देव

नवरात्राच्या आधी आमचे टाक उजळायला दिले होते. ते परत आले तेव्हा भवानीला नाक नव्हतं. खंडोबाच्या घोड्याखालचा कुत्रा म्हणजे नुसता एक फुगवटा उरला होता. दुकानदार मात्र कौतुकाची वाट बघत उभा होता. "बघा वहिनी, आरसा झालाय आरसा!" झालाच होता. देवीच्या जागी मला माझाच चेहरा दिसत होता.

हे देव आमच्याकडे डोंबिवलीला आले ते मोठे दीर गेल्यानंतर. गावचं घर बंद झालं आणि सासूबाई आणि देव एकाच गाडीतून आमच्या वन बीएचकेत उतरले. जागा कुठली द्यायची यावर घरात जी चर्चा झाली ती सगळ्यांच्या घरी होते, तीच. एका वास्तुतज्ज्ञांनी सांगितलं, ईशान्य कोपराच हवा. आमच्या ईशान्येला संडास. मग त्यांनी पिरॅमिड आणि तांब्याची पट्टी असे उपाय काढले, त्यांचे दरही काढले. आमचे गुरुजी हसले. पूजा करणाऱ्याचं तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला आलं की पुरे, म्हणाले. आणि पूजेच्या मांडणीपुरतं बघाल तर देव आणि पूजक यांच्या मधली दिशा हीच पूर्व मानायचा संकेत आहे, पंचायतन मांडताना कोपरे त्यावरूनच धरतात. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या भिंतीवर जागा ठरली. संडासाची भिंत नाही, गॅस दूर, आणि पंखा बंद करायचं बटण हाताशी. हे शेवटचं कुठल्याच वास्तुतज्ज्ञाने विचारलं नव्हतं.

देव्हारा सुताराकडून करून घेतला. तयार मिळतात त्यांत संगमरवरी चौथरा, मागे दिवे आणि जाळीत कोरलेला ॐ असतो, पण देवांना आंघोळ कुठे घालायची याचा विचार नसतो. शिवाय दही आणि लिंबू सांडलं की संगमरवराची चकाकी कायमची जाते, तिथे बोट फिरवलं की खरखरीत लागतं. आम्ही सागवानी फळ्यांच्या दोन पायऱ्या केल्या आणि खाली एक सरकती फळी दिली, तिच्यावर ग्रॅनाइटचा तुकडा. सकाळी फळी बाहेर ओढायची, तिच्यावर ताम्हन आणि निरांजन ठेवायचं. ज्योत छपराखाली येतच नाही, म्हणून वरची फळी आजही काळी झालेली नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या खुर्चीवर बसून पूजा करतात, म्हणून देवांचे पाय त्यांच्या छातीच्या उंचीला येतील एवढ्यावर देव्हारा टांगला. उभ्याने पूजा करणाऱ्याला थोडं वाकावं लागतं. वाकावं.

देव किती ठेवायचे हाही प्रश्न होताच. गावाहून आलेले, माझ्या माहेरचे आणि वास्तुशांतीला लोकांनी दिलेले, सगळे मिळून गणपतीच पाच. घरच्या पूजेत तीन गणपती नकोत, दोन शिवलिंगं नकोत, दोन शंख नकोत, असं धर्मशास्त्राच्या ग्रंथांत सांगितलेलं आहे. घरची मूर्ती अंगठ्याच्या पेरापासून फार तर वितीएवढी असावी, हेही. मला हे नियम फार शहाणे वाटतात, कारण लहान घरात ते आपोआप गर्दी रोखतात. एक गणपती ठेवला, बाकीचे शोकेसमध्ये गेले. ते तिथे शोभेचे आहेत, त्यांना रोज हळदकुंकू नाही. वरच्या पायरीवर कुलदैवतांचे तीन टाक, खंडोबा, भवानी आणि घराण्यातला वीर. खाली मध्ये गणपती, एका बाजूला बाळकृष्ण आणि बाण, दुसऱ्या बाजूला माझी अन्नपूर्णा वाटीतल्या तांदळांवर. ते तांदूळ दर आठवड्याला बदलावे लागतात, पावसाळ्यात तर चार दिवसांनी. नाही बदलले तर अन्नपूर्णेच्या पायाशी पोरकिडे फिरतात.

आता टाकांचं. टाक म्हणजे चांदीचा पातळ पत्रा ठशावर ठोकून उठवलेला देव. पत्रा इतका पातळ असतो की बोटाने दाबला तर चेपेल, म्हणून जुन्या टाकांत मागे लाख भरून तांब्याचा पत्रा बसवलेला असतो. म्हणजे देवीचं नाक, खंडोबाची मिशी, कुत्र्याचे कान हे सगळं कागदापेक्षा फार जाड नसलेल्या चांदीत वर आलेलं. आणि वर आलेला भागच आधी घासला जातो.

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे. खाडीकाठच्या आमच्या हवेत जरा जास्तच लवकर. काळेपणा हा चांदीवरचा अगदी पातळ थर असतो. तो काढायला चांदी खरवडायची गरज नसते. पण दुकानात काय करतात, तर मोटारीवर कापडी चाक गरगर फिरवायचं, त्याला पॉलिशचा मसाला लावायचा आणि दागिना त्यावर धरायचा. याला ते बफिंग म्हणतात. जाड पैंजण असेल तर काही बिघडत नाही. टाकाचं नाक मात्र अर्ध्या मिनिटात जातं. चाकाच्या घर्षणाने चांदी तापते, आतली लाख मऊ होते आणि मागचा पत्रा सुटतो. आमचा वीर कानाशी नेऊन हलवला तर आत काहीतरी वाजत होतं.

टाक दुकानात नेले होते धाकट्या दिरांनी. ते व्यवस्थित माणूस आहेत, त्यांनी चिठ्ठी करून घेतली होती. चिठ्ठीवर तिन्हींचं मिळून वजन एकोणचाळीस ग्रॅम चारशे मिली. मी दुकानातच परत वजन करायला लावलं. सदतीस ग्रॅम सहाशे. काट्याकडे बघत दुकानदार म्हणाला, "पॉलिशला घट येतेच, वहिनी." मी विचारलं, एवढी? तर म्हणाला, मळ निघाला की. मळाचं वजन पावणेदोन ग्रॅम? तीन टाकांवर? आमच्या सासूबाई देव इतके मळवतात असं त्याचं म्हणणं होतं का? मी हे मोठ्याने विचारलं. दुकानात बायका होत्या, त्या वळून बघायला लागल्या. मग त्याने आवाज खाली आणला आणि म्हणाला, झालं ते झालं, मी तुम्हाला नवीन टाक देतो, ठसा आहे माझ्याकडे, मजुरी घेत नाही, फक्त चांदीचे पैसे द्या.

चांदीचे पैसे! त्याच्या चाकाखाली आमचीच चांदी भुकटी होऊन पडलेली, आणि ती भुकटी हे लोक फेकत नाहीत, कारखान्याची झाडलोट जपून ठेवून गाळायला देतात, हे मला ठाऊक आहे. दिरांनी माझा हात धरून बाहेर आणलं. घरी सगळ्यांचं एकच, देवाच्या कामात भांडण नको. मला हे वाक्य कधीच पटलेलं नाही. देवाच्या कामात फसवलं तर चालतं, भांडलं तर चालत नाही, असा त्याचा अर्थ होतो. पावणेदोन ग्रॅम चांदीचे पैसे काही फार नाहीत. पण तो मळ म्हणाला, ते माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

सासूबाईंसमोर टाक ठेवले तेव्हा मी त्यांच्याकडे बघूच शकत नव्हते. त्यांनी चष्मा लावला, भवानीच्या तोंडावरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "माझ्या सासूबाईंनीच निम्मं नाक घालवलं होतं. रोज चिंच आणि राखेने घासायच्या." म्हणजे मी ज्या नाकासाठी दुकानात एवढा आवाज चढवला, ते आधीच झिजलेलं होतं. माझा राग मात्र कमी झाला नाही. राखेने साठ वर्षं घासणं आणि चाकावर अर्धं मिनिट धरणं यांत फरक आहे, असं मी म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, देवीला काय फरक?

गुरुजींनी सांगितलं, रूप ओळखू येत नसेल तर टाक नवे करावेत, जुनी चांदी नव्यात घालावी आणि जेजुरीला, तुळजापूरला नेऊन देवाला भेटवून आणावेत. आम्ही तसं केलं. टाक दुसऱ्याच पेठेतल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून करून घेतले. फक्त जुनी भवानी मी वितळवायला दिली नाही. ती डबीत, कपाटात आहे. एका देवाचे दोन टाक घरात नकोत हे मला माहीत आहे, वरती मीच नियमांचं कौतुक केलं आहे. पण दिली नाही. आणि गंमत म्हणजे नव्या भवानीचे टपोरे डोळे आता मला जास्त आवडायला लागलेत.

या नव्या टाकांची निगा मात्र मी माझ्या पद्धतीने ठेवते. टाकांना रोज पंचामृत नाही, ताम्हनातली आंघोळ बाळकृष्णाला आणि बाणाला. टाकांवर फुलाने पाणी शिंपडायचं आणि लगेच जुन्या धोतराच्या मऊ तुकड्याने टिपायचं, पुसायचं नाही. गंध बोटाने रगडायचं नाही, काडीने टेकवायचं. दही आणि मध खोबणीत राहिले की मागच्या तांब्यावर हिरवं चढतं, ते दिसलं तर रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवलेला लहान मुलांचा दातब्रश हलक्या हाताने फिरवायचा. हल्ली सगळे सांगतात तो खायचा सोडा आणि ॲल्युमिनियमच्या फॉइलचा उपाय खरा आहे, त्यात चांदी झिजत नाही. पण त्याला गरम पाणी लागतं आणि लाख भरलेला टाक त्यात घातला तर लाख पाघळते. भरीव चांदीच्या निरांजनाला तो करावा. पितळेच्या देवांना चिंच, लिंबू चालतं, पण जास्त वेळ ठेवलं की पितळ गुलाबी दिसायला लागतं. तसं दिसलं की हात आवरावा. आणि टाक उचलून ठेवायचे असतील तर डब्याला रबर लावू नका, रबरातही गंधक असतं, त्याची काळी रेघ देवाच्या अंगावर उठते.

टाक थोडे काळसर दिसले तर दिसू द्या. खोबणीतल्या त्या काळेपणामुळेच चेहरा उठून दिसतो. द्यायचेच असतील उजळायला, तर सुटं सुटं वजन चिठ्ठीवर लिहून घ्या, मोबाइलवर जवळून फोटो काढा, "चाक लावायचं नाही" हे चिठ्ठीवर त्याच्या हाताने लिहून घ्या, आणि परत घेताना त्याच्याच काट्यावर वजन करा. लोक वळून बघतील. बघू देत.