गुणाला दोन मिनिटं

आदिलाबादमधल्या आपल्या मराठी घरांत दहावीच्या मुलांना सल्ला दोन काठांवरून मिळतो. एक घरातून, दुसरा पैनगंगेच्या पलीकडून. कुणाचा मामा, कुणाची आत्या पांढरकवड्याला, आणि तिथली भावंडं महाराष्ट्र बोर्डाची. पुस्तकं बदलून अभ्यास करताना याचा फायदाच होतो. वर्गसमीकरण नदी ओलांडून बदलत नाही. पेपर लिहिण्याच्या वेळेचा हिशेब मात्र बदलतो, आणि तो तसाच उचलून आणला की नुकसान होतं. माझी भाची इथल्या मराठी माध्यमाच्या शाळेत दहावीला आहे. तिच्यासोबत गणिताचे तीन सराव पेपर घड्याळ लावून सोडवताना हे मला आकड्यांत दिसलं, म्हणून लिहिते आहे.

तिच्या पांढरकवड्याच्या मावसभावानं तिला सांगितलं होतं, "गुणाला तीन मिनिटं धर, आरामात होतं." त्याच्यासाठी ते बरोबरच आहे. महाराष्ट्रात गणित भाग 1 चा पेपर 40 गुणांचा आणि दोन तासांचा, म्हणजे 120 मिनिटं. गुणाला बरोबर तीन. शिवाय 2023 पासून तिथे शेवटी दहा मिनिटं वाढवून मिळतात, ती उजळणीला कामी येतात.

आपल्याकडे तेलंगणात गणिताचा एकच पेपर, 80 गुणांचा, साडेनऊ ते साडेबारा. 180 मिनिटांना 80 गुण म्हणजे गुणाला सव्वादोन मिनिटं. पण हा सरासरीचा आकडाही फसवा आहे, कारण पेपरचे दोन भाग आहेत. भाग 'अ' 60 गुणांचा, त्याला अडीच तास. भाग 'ब' म्हणजे आपला बिट पेपर, एकेका गुणाचे 20 प्रश्न, आणि त्यासाठी शेवटचा अर्धा तास. उजळणीचा वेळ सगळे शेवटी धरतात. इथे शेवट आधीच दुसऱ्याच्या नावावर आहे. त्यामुळे राखीव वेळ बारा वाजायच्या आत, भाग 'अ' मध्येच कुठेतरी बसवावा लागतो.

भाग 'अ' ची रचना अशी: पहिल्या विभागात दोन गुणांचे सहा प्रश्न, दुसऱ्यात चार गुणांचे सहा, तिसऱ्यात सहापैकी कोणतेही चार, प्रत्येकी सहा गुणांचे. 12, 24 आणि 24, मिळून 60.

आता मावसभावाचा तीन मिनिटांचा हिशेब इथे लावून पाहू. पाच मिनिटं पेपर वाचण्यात गेली, 9:35 ला लिहायला सुरुवात. पहिला विभाग 36 मिनिटांत, म्हणजे 10:11 ला संपला. दुसरा 72 मिनिटांत, 11:23 ला. तिसऱ्यातल्या एकेका प्रश्नाला 18 मिनिटं, म्हणजे दोन प्रश्न झाले आणि घड्याळात 11:59. उरलेले दोन प्रश्न, बारा गुण, हात न लावता गेले. भाचीच्या पहिल्या सराव पेपरात जवळजवळ हेच झालं. तिसऱ्या प्रश्नाचा नुसता क्रमांक लिहून झाला होता. ती म्हणाली, "मावशी, मला येत होते गं ते दोन्ही." येत होते हे खरंच होतं. त्या दिवशी तिचं गणित कुठे कच्चं पडलं नव्हतं, वाटणी चुकली होती.

पुष्कळ जण 150 मिनिटांना 60 नं भागतात आणि गुणाला अडीच मिनिटं ठरवतात. हेही पुरत नाही, कारण त्यात सगळी मिनिटं वाटून संपतात. वाचायला, आलेखाचा कागद मागून घ्यायला, पुरवणी जोडायला, तपासायला काहीच उरत नाही. म्हणून आम्ही उलटीकडून सुरुवात केली. आधी 20 मिनिटं तपासणीची बाजूला काढली. पाच मिनिटं वाचायला आणि तिसऱ्या विभागातले चार प्रश्न मनाशी नक्की करायला. पाच मिनिटं आलेखाच्या कागदाला, पुरवण्यांना. राहिली 120 मिनिटं आणि गुण 60. गुणाला दोन मिनिटं. दोन गुणांचा प्रश्न चार मिनिटांत, चार गुणांचा आठ, सहा गुणांचा बारा. परीक्षेच्या खोलीत आठवायला याहून सोपं काही नको.

घड्याळावर ते असं बसतं. दहा वाजता पहिला विभाग संपलेला हवा. साडेदहाला दुसऱ्यातले चार प्रश्न झालेले. अकराला तिसऱ्यातला पहिला झालेला. साडेअकराला चौथा चालू. 11:40 ते 12 तपासणी. दर अर्ध्या तासाचा एकेक टप्पा मुद्दाम ठरवला, कारण मनगटावर घड्याळ असो वा नसो, तेवढी वेळ वर्गात कळते. दर प्रश्नाला घड्याळ पाहणाऱ्याचं लक्ष अर्धं घड्याळातच राहतं.

दुसऱ्या सरावात वाटणी बरोबर होती, तरी ती एका ठिकाणी अडकली. उदाहरण नेहमीचंच: रेल्वे 360 किलोमीटर ठरावीक वेगानं जाते, वेग ताशी 5 किलोमीटरनं जास्त असता तर एक तास कमी लागला असता, तर वेग किती? समीकरण तिनं चार मिनिटांत मांडलं: x² + 5x − 1800 = 0. पुढे 1800 चे असे दोन अवयव हवेत की त्यांच्यात 5 चा फरक असावा. 30 आणि 60, 36 आणि 50 असं करत ती सहा मिनिटं शोधत राहिली. चार गुणांच्या प्रश्नाची आठ मिनिटं केव्हाच संपली होती.

इथे नियम हवा आणि तो आधीच ठरलेला हवा. आमचा असा: ठरल्या वेळेपेक्षा दोन मिनिटं जास्त गेली की थांबायचं, खाली सात-आठ ओळींची जागा सोडायची आणि पुढचा प्रश्न घ्यायचा. यात फारसं जात नाही, कारण गुण पायऱ्यांना असतात. चल मानणं, समीकरण मांडणं, ते साध्या रूपात आणणं, एवढ्याचे गुण कागदावर आलेले असतात. अडलेल्या शेवटच्या एक-दोन गुणांसाठी आणखी आठ मिनिटं खर्च करणं म्हणजे पुढचा चार गुणांचा अख्खा प्रश्न गहाण टाकणं. सोडलेल्या जागेकडे 11:40 नंतर परत यायचं, आणि तेव्हा वाट बदलून. अवयव सापडत नसतील तर सूत्र: 25 + 7200 = 7225, त्याचं वर्गमूळ 85, म्हणून x = 40. सूत्रानं हे दोन मिनिटांचं काम आहे.

सहा गुणांत आलेखाचा प्रश्न बहुतेक मुलं निवडतात, कारण तो खात्रीचा वाटतो. खात्रीचा आहे, पण बारा मिनिटांना घट्ट बसतो. x² − 3x − 4 चा आलेख घ्या. −2 ते 5 पर्यंत आठ किमती काढायच्या: 6, 0, −4, −6, −6, −4, 0, 6. याला चार मिनिटं. अक्ष आणि प्रमाण लिहायला दोन, बिंदू मांडायला तीन, वक्र काढायला आणि शून्ये −1 व 4 लिहायला तीन. पेन्सिलीला टोक नसेल तर इथेच मिनिटं सांडतात. या आठ किमती दोन्ही टोकांकडून सारख्याच येतात. तसं झालं नाही तर कुठेतरी वजाबाकी चुकली आहे हे आलेख काढण्याआधीच कळतं, आणि खोडण्याचा वेळ वाचतो.

आता ती वीस मिनिटं. पहिल्यांदा तिनं पहिल्या पानापासून सगळं वाचायला घेतलं, आणि बारा वाजले तेव्हा ती दुसऱ्या विभागातच होती. एक चूक सापडली नाही, कारण आपणच लिहिलेलं आपल्याला बरोबरच दिसतं. तपासणी म्हणजे वाचन नव्हे. पहिली पाच मिनिटं सोडलेल्या जागा भरायला. मग दोन मिनिटं फक्त मोजणी: सहा, सहा आणि चार उत्तरं आहेत का, प्रश्नांचे क्रमांक बरोबर आहेत का. उरलेल्या वेळात प्रत्येक मोठ्या उत्तराला उलटा प्रश्न विचारायचा. वेग 40 आला ना? 360 भागिले 40 म्हणजे 9 तास, 360 भागिले 45 म्हणजे 8 तास, फरक एक तास, सुटला. मध्य काढला असेल तर वारंवारतांची बेरीज दिलेल्या एकूण संख्येइतकी आहे का ते पाहायचं. समीकरणाची मुळं पुन्हा समीकरणात घालायची. एकेकाला अर्धं मिनिट पुरतं, आणि चूक असेल तर तिथेच दिसते.

बिट पेपरची गोष्ट निराळी. त्यावर सूचनाच छापलेली असते की खोडलेल्या, गिरवलेल्या किंवा बदलून लिहिलेल्या उत्तराला गुण नाहीत. म्हणजे इथे लिहून झाल्यावर तपासण्याला काही अर्थच नाही. तपासणी लिहिण्याच्या आधी करायची. 20 प्रश्न, 30 मिनिटं. पहिल्या फेरीत एका प्रश्नाला एक मिनिट, आणि खात्री असेल तरच अक्षर लिहायचं. शंका असेल तर जागा कोरी ठेवायची. वीस मिनिटांत फेरी संपते. पुढची सात मिनिटं फक्त कोऱ्या जागांसाठी. शेवटच्या तीन मिनिटांत एकही जागा कोरी ठेवायची नाही, कारण चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. मग बिट पेपर उत्तरपत्रिकेला नीट बांधायचा.

तिसऱ्या सरावात भाची 11:44 ला तिसऱ्या विभागातून बाहेर पडली. राखीव वेळ सोळा मिनिटं उरली. त्यात एक सोडलेली जागा भरली गेली आणि एका उत्तरातलं चुकलेलं चिन्ह सापडलं. शिवाय तीन बिटं दुसऱ्या फेरीत लिहिली गेली. संध्याकाळी तिनं मावसभावाला फोन लावला. "दादा, तुझी तीन मिनिटं तुझ्याकडेच ठेव," म्हणाली, "आमच्याकडे दोनच मिळतात."