स्लाइडमधल्या फटी

तळेगाव ढमढेऱ्याला माझ्या घरी वर्षातून दोन-तीनदा कुणीतरी स्लाइडांची छापील चवड घेऊन येतं. पीएच.डी.चा व्हायवा पंधरा दिवसांवर आलेला असतो आणि मागणी ठरलेली : "सर, प्रश्न काढून द्या. उत्तरांसकट."

सुरुवातीला मी उत्तरं फार सुबक लिहायचो. एका विद्यार्थिनीने ती तोंडपाठ केली. परीक्षकांनी माझाच प्रश्न उलट्या बाजूने विचारला, आणि पाठ केलेल्या उत्तराचं पहिलं वाक्यच लागू होईना. ती गप्प झाली. चूक माझी होती. तेव्हापासून उत्तर तीनच वाक्यांचं : थेट काय ते, प्रबंधात त्याचा आधार कुठे, आणि ते कुठपर्यंत खरं. तेही मी लिहीत नाही. विद्यार्थी बोलतो, मी त्याचे शब्द उतरवून घेतो.

प्रश्न मात्र मीच काढतो. "उद्दिष्टं कोणती?" असले प्रश्न मी खोडतो, कारण उत्तर पडद्यावरच असतं. खरे प्रश्न दोन स्लाइडच्या मधल्या फटीत सापडतात. एक स्लाइड काहीतरी म्हणते, पुढची ते गृहीत धरून पुढे जाते. तिथे पेन्सिल थांबते.

मागच्या हिवाळ्यात आलेला मुलगा भूगोलाचा, स्वतः एका ज्युनिअर कॉलेजात शिकवणारा. विषय शिरूर तालुक्यातल्या चार गावांतलं उसाचं ठिबक. सहाव्या स्लाइडवर यामाने यांचं सूत्र होतं, n = N / (1 + Ne²), आणि त्रुटी ५ टक्के. सातव्यावर लिहिलेलं : एकूण ऊस उत्पादक १२००, नमुना १२०. मी कागद पुढे सरकवला आणि म्हटलं, "मांड." e च्या जागी ०.०५ घातल्यावर खाली ४ आले, आणि १२०० ला ४ ने भागून ३००. तो कागदाकडे बघतच राहिला. १२० च्या नमुन्याला त्रुटी सुमारे ८.७ टक्के येते. खरं असं होतं, की दर गावातून तीस शेतकरी आधीच गाठून झाले होते आणि सूत्र मागाहून चिकटवलं होतं. हे फार जण करतात.

प्रबंध जमा झालेला, तो बदलता येत नव्हता. स्लाइड बदलता येत होती. उत्तर त्याच्याच तोंडून असं निघालं : "नमुन्याचा आकार मी वेळ आणि खर्च पाहून ठरवला. त्यावर त्रुटी सुमारे ८.७ टक्के येते, प्रबंधातलं ५ टक्क्यांचं वाक्य दुरुस्त करायला हवं. म्हणून माझे आकडे दिशा दाखवतात, तालुक्याचा नेमका अंदाज देत नाहीत." लगेच मी जोडप्रश्न टाकला : गावं लहानमोठी असताना सगळीकडून तीसच का? नमुना उत्तराला जोडप्रश्न नसेल तर ते उत्तर पाठांतरच ठरतं.

दुसरी फट जास्त चांगली होती. दोन हेक्टरपर्यंतच्या ७० शेतकऱ्यांपैकी २० जणांकडे ठिबक, त्याहून मोठ्या ५० पैकी २८ जणांकडे. काय-वर्ग ९.१४ आला होता. ५ टक्के पातळीला ३.८४ पुरतो. गणित बरोबर होतं. पुढच्या स्लाइडवर निष्कर्ष : "जमीनधारणेमुळे ठिबकाचा स्वीकार वाढतो." त्यातल्या 'मुळे' या शब्दाभोवती मी गोल काढला.

"विहीर कुणाकडे आहे, हे विचारलं होतंस का?"

विचारलं होतं, प्रश्नावलीत अकरावा प्रश्न तोच होता. पण तक्त्यात आलाच नव्हता. चासकमानच्या कालव्याचं पाणी आवर्तनाने येतं. ठिबकाला मात्र रोज किंवा दिवसाआड पाणी लागतं, म्हणजे स्वतःची विहीर हवी किंवा शेततळं हवं, आणि ते मोठ्या जमिनीवाल्याकडे असण्याची शक्यता जास्त. तेव्हा ठिबक जमिनीमुळे येतं की विहिरीमुळे, हे काय-वर्ग सांगत नाही. दोन गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या आहेत एवढंच सांगतो. इथल्या बांधावर वाढलेल्या मुलाला हे मी शिकवायची गरज नव्हती. स्लाइड करताना तो फक्त विसरला होता. रात्री बसून त्याने विहीर असलेल्यांचा वेगळा तक्ता केला. त्यात काही चौकटींत पाचपेक्षा कमी अपेक्षित संख्या येत होती, तिथे काय-वर्गावर विसंबता येत नाही. तेही उत्तराच्या तिसऱ्या वाक्यात गेलं.

एकूण सव्वीस प्रश्न निघाले. त्यातले नऊ ठेवले. जास्त दिले की पोरं यादी पाठ करत बसतात.

व्हायवाला मी मागच्या रांगेत होतो. तो खुला असतो, बसता येतं. नमुन्याचा प्रश्न दुसराच आला, विहिरीचा थोड्या वेळाने, आणि दोन्हीकडे तो न अडखळता बोलला. अडला तो चौथ्या स्लाइडवर. परीक्षकांनी विचारलं, "या नकाशाला प्रमाण कुठे आहे?" भूगोलाच्या प्रबंधात हा प्रश्न मला सुचला नव्हता.

पुढच्या महिन्यात आणखी एकीचा व्हायवा आहे. स्लाइडा परवा आल्या. तिच्या नकाशावर उत्तर दिशा आहे, प्रमाण नाही.