फ्लेअरवरचे पांढरे ठिपके

फाईल

बाई ३८ वर्षांच्या. डोकेदुखी कॉलेजपासूनची. बहुतेकदा डावी बाजू ठणकते, मळमळते, उजेड आणि आवाज नकोसा होतो. कधीकधी ठणका सुरू व्हायच्या आधी डोळ्यांपुढे चमकणारी नागमोडी रेघ येते, हळूहळू पसरते आणि वीसेक मिनिटांत विरते. हा मायग्रेनचा ऑरा. दुखणे वाढले म्हणून एमआरआय झाला. रिपोर्ट सगळा नॉर्मल, फक्त एक ओळ सोडून: दोन्ही फ्रंटल भागांतल्या श्वेतद्रव्यात काही बारीक हायपरइंटेन्सिटी, इस्केमिक, डिमायलिनेटिंग किंवा मायग्रेनशी संबंधित असू शकतात. घरच्यांनी पहिल्या शब्दाचा अर्थ ‘पॅरालिसिस येणार’ असा लावला आणि दुसऱ्याचा ‘एमएस’. तिसरा कुणी वाचलाच नाही.

ही फाईल कुणा एकीची नाही. अशा अनेक फायली पाहून मी ती जुळवली आहे. आम्हा रेडिओलॉजिस्टांपुढे ती वरचेवर येते.

पांढरे म्हणजे काय

मेंदूच्या आतल्या भागात मज्जातंतूंच्या वायरींचे जाळे असते. त्यांच्यावर मायलिन या स्निग्ध पदार्थाचे वेष्टण असते, हे श्वेतद्रव्य. निरोगी श्वेतद्रव्यात मोकळे पाणी कमी असल्याने टी-२ आणि फ्लेअर या चित्रांवर ते काळपट दिसते. एखाद्या बिंदूपाशी वेष्टण विरळ झाले किंवा तिथे सूक्ष्म व्रण राहिला, की पाण्याचे प्रमाण थोडे वाढते आणि तो बिंदू पांढरा उमटतो. रिपोर्टातली हायपरइंटेन्सिटी ती हीच.

फ्लेअर म्हणजे मेंदूभोवतीच्या पाण्याचा उजेड मुद्दाम मालवून घेतलेले चित्र. त्यामुळे पाण्याच्या पोकळ्यांलगतचे ठिपकेही उठून दिसतात.

पावसाळ्यात भिंतीवर ओलीचा डाग दिसला, तर तिथे ओल आहे एवढेच कळते. गच्ची गळते, पाइप फुटला की दहा वर्षांपूर्वी कधीतरी पाणी मुरले होते, हे डाग सांगत नाही. फ्लेअरवरचा ठिपकाही तसाच. म्हणूनच रिपोर्टात तीन-तीन कारणे लिहिली जातात.

खोटे ठिपके

सगळ्यात आधी हे तपासायचे. मेंदूत शिरणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांभोवती पाण्याच्या अरुंद फटी असतात. टी-२ वर त्या पांढऱ्या दिसतात, फ्लेअरवर मात्र विझतात, कारण त्यांच्यात निव्वळ पाणी असते. टी-२ वर दिसणारा आणि फ्लेअरवर नाहीसा होणारा बिंदू हा आजार नव्हे. आपल्या बाईंच्या टी-२ वर असे बरेच बिंदू होते. फ्लेअरवर उरले सात.

जागा

आकड्यापेक्षा जागा जास्त बोलते.

मायग्रेनवाल्यांचे ठिपके बहुधा तीनेक मिलिमीटरच्या आतले आणि गोल असतात. ते कपाळामागच्या भागात, मेंदूच्या सुरकुत्यांखाली किंवा थोडे खोल, एकमेकांपासून सुटे विखुरलेले असतात.

एमएसचे, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसचे, डाग सहसा मोठे आणि लांबट असतात. पोकळ्यांना चिकटून, त्यांच्याशी काटकोनात उभे राहतात. दोन्ही अर्धगोल जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोसममध्ये, मेंदूच्या बाह्यपटलाला अगदी लागून, मेंदूच्या देठात, लहान मेंदूत, मणक्यातल्या मज्जारज्जूत सापडतात. २०१७ च्या मॅकडोनाल्ड निकषांत चार जागा मोजल्या जात: पोकळ्यांलगत, बाह्यपटलात किंवा त्याला लागून, लहान मेंदू व देठ, आणि मज्जारज्जू. यांपैकी निदान दोन ठिकाणी डाग लागत. तेवढ्यानेही निदान होत नसे. आधी एमएसला साजेसा झटका आलेला असावा लागे. एका डोळ्याची दुखऱ्या हालचालींसह गेलेली नजर किंवा काही दिवस टिकलेला पायांतला बधिरपणा, असे काहीतरी. निव्वळ डोकेदुखीवर हे निकष लावायचेच नसतात. अमेरिकेतल्या चार एमएस केंद्रांनी २०१६ मध्ये चुकून एमएसचे निदान झालेल्या ११० रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांच्यातले सर्वांत जास्त वेळा सापडलेले खरे दुखणे मायग्रेनच होते.

बाईंचे सातही ठिपके फ्रंटल भागात, सुटे. कॅलोसम स्वच्छ, देठ स्वच्छ, पोकळ्यांच्या कडा स्वच्छ. हे ‘स्वच्छ’ रिपोर्टात लिहिणे ठिपके लिहिण्याइतकेच गरजेचे आहे. कुठे काय नाही, हे वाचूनच न्यूरॉलॉजिस्टचा निर्णय सोपा होतो.

प्रतवारी

ऑस्ट्रियातल्या ग्राझचे फ्रान्झ फाझेकास यांनी सहकाऱ्यांसह १९८७ मध्ये एक साधी मोजपट्टी दिली. खोल श्वेतद्रव्यात ठिपका नसेल तर शून्य. सुटे ठिपके असतील तर एक. ते एकमेकांत मिसळू लागले तर दोन. मोठे पट्टे झाले तर तीन. रक्तदाब किंवा मधुमेहाने बारीक रक्तवाहिन्या खराब झालेल्यांत दोन-तीनची प्रत दिसते आणि तिथे काळजीचे कारण असते. मायग्रेनवाल्यांची गाडी बहुधा एकवर थांबते.

वयही बघायचे. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम अभ्यासात ६० ते ९० वयाच्या सामान्य नागरिकांचे एमआरआय केले, तर अजिबात ठिपके नसलेले जेमतेम ५ टक्के निघाले. सत्तरीत सात ठिपके असतील तर त्यांची दखलही कुणी घेणार नाही. ३८ व्या वर्षी घेतली जाते, एवढाच फरक.

नऊ वर्षांनी

हे ठिपके पुढे वाढतात का आणि त्यांनी काही बिघडते का, या प्रश्नावरची सगळ्यात उपयोगी माहितीही नेदरलँड्सचीच. ‘कॅमेरा’ नावाचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसे दवाखान्यातून नव्हे, सर्वसाधारण लोकांतून निवडलेली. वय ३० ते ६०. मायग्रेन असलेल्या स्त्रियांत खोल ठिपके जास्त आढळले आणि झटके जितके वारंवार, तितके ते अधिक. पुरुषांत असा फरक दिसला नाही.

मग त्याच लोकांना साधारण नऊ वर्षांनी पुन्हा स्कॅनरमध्ये झोपवले. २०१२ च्या त्या निष्कर्षांत मायग्रेन असलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्क्यांचे ठिपके वाढलेले होते. हा आकडा एकटा वाचला तर धडकी भरते. शेजारचा आकडा असा, की मायग्रेन नसलेल्या स्त्रियांतही ६० टक्क्यांचे वाढले होते. आणि स्मरणशक्ती, एकाग्रता, विचारांचा वेग यांच्या चाचण्यांत ठिपके वाढलेल्यांची घसरण इतरांहून जास्त नव्हती. फ्रान्समधल्या नाँत शहरातल्या वयस्कांच्या पाहणीतही (२०११) तीव्र डोकेदुखीचा इतिहास असलेल्यांत श्वेतद्रव्यातले बदल जास्त होते, बुद्धीच्या चाचण्यांत मात्र त्यांना तोटा नव्हता.

अशा ठिपक्यांना आम्ही ‘बहुतेकदा निरुपद्रवी’ म्हणतो, त्याला आधार आहे तो असा.

दुखते ते ठिपक्यांमुळे का

नाही. मेंदूच्या पेशीजालाला स्वतःला वेदना कळत नाही. मायग्रेनची कळ उठते ती मेंदूच्या आवरणांतल्या आणि त्यांतल्या रक्तवाहिन्यांभोवतीच्या ट्रायजेमिनल मज्जातंतूंतून. हजारो लोकांना ठिपके नसताना भयंकर मायग्रेन असतो आणि ठिपके असलेल्या कित्येकांचे डोके कधी दुखत नाही. म्हणून ‘ठिपके घालवायचे औषध द्या’ या मागणीला अर्थ नाही. औषध झटक्यांवर द्यायचे असते.

ठिपके नेमके कशाने होतात, यावर एकमत झालेले नाही. झटक्याच्या वेळी बारीक रक्तवाहिन्यांतला प्रवाह क्षणभर मंदावत असावा, असा एक विचार आहे.

कधी थांबून बघायचे

ठिपक्यांच्या जागेवरून एक आनुवंशिक आजार आठवावा लागतो: कॅडासिल. नॉच-३ या जनुकातल्या बिघाडाने बारीक रक्तवाहिन्या खराब होतात आणि पुष्कळांत पहिले लक्षण ऑरासह मायग्रेन हेच असते. यात पांढरेपणा मोठ्या पट्ट्यांचा असतो आणि कानशिलामागच्या टेम्पोरल भागाच्या पुढच्या टोकापर्यंत पोहोचतो. घरात पन्नाशीच्या आत-बाहेर लकवा झालेले, लवकर विस्मरण आलेले कुणी असते. बाईंना विचारले, तसे कुणी नव्हते.

धोक्याची बाकीची चिन्हे ठिपक्यांत नसून रुग्णाच्या हकिगतीत असतात. क्षणात शिखर गाठणारी आयुष्यातली सर्वांत तीव्र डोकेदुखी, पन्नाशीनंतर पहिल्यांदा सुरू झालेली, तापासोबतची, कर्करोगाच्या रुग्णाची, गरोदरपणात नव्याने आलेली. हात-पाय, बोलणे किंवा नजर जाऊन न परतणे. अशा वेळी रुग्णालय गाठायचे, एमआरआय असो वा नसो. उलट जुना, ठरावीक चालीचा मायग्रेन आणि तपासणीत काही दोष नसेल, तर एमआरआयची गरजच सहसा नसते.

सातांपलीकडे

न्यूरॉलॉजिस्टने बाईंना चालायला लावले, प्रतिक्षेप तपासले, डोळ्याचा पडदा पाहिला. सगळे ठीक. मग रक्तदाब: १५०/९६. पुढच्या दोन भेटींतही जवळपास तेवढाच. आणि विचारपूस करताना कळले, की पाळीच्या त्रासासाठी इस्ट्रोजेन असलेली गोळी दोन वर्षांपासून चालू आहे. ती लिहून देताना नागमोडी रेघेबद्दल कुणी विचारले नव्हते आणि बाईंनाही ते सांगण्यासारखे वाटले नव्हते.

या फाईलमधली महत्त्वाची गोष्ट ही. ऑरासह मायग्रेन असलेल्यांत मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी होऊन येणाऱ्या लकव्याचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट असतो. तरुण वयात मूळ धोकाच फार कमी, म्हणून दुप्पट होऊनही तो थोडाच राहतो. पण इस्ट्रोजेनची गोळी, धूम्रपान आणि चढा रक्तदाब त्यात भर घालतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत ऑरा असलेल्या स्त्रीला अशी संयुक्त गोळी गर्भनिरोधक म्हणून देऊ नये असे स्पष्ट म्हटले आहे. गायनॅकॉलॉजिस्टशी बोलून बाईंची गोळी बदलली. रक्तदाबासाठी प्रोप्रॅनोलॉल सुरू झाले; ते मायग्रेनचे झटके कमी करायलाही वापरतात. दमा असता तर ते टाळावे लागले असते.

पुन्हा एमआरआय?

निव्वळ ठिपके मोजायला दरवर्षी करू नये. पहिला स्कॅन १.५ टेस्लाच्या मशीनवर आणि दुसरा ३ टेस्लाच्या मशीनवर झाला, तर न वाढताही ठिपके जास्त दिसतात. डोके जरा तिरके ठेवले गेले तरी स्लाइसमधून निसटलेला बिंदू ‘नवा’ म्हणून रिपोर्टात येतो आणि भीतीची नवी फेरी सुरू होते. दुखण्याची चाल बदलली किंवा नवे लक्षण आले, तर जरूर करावा. शक्यतो त्याच मशीनवर, जुनी सीडी सोबत नेऊन. बाईंना न्यूरॉलॉजिस्टने पुढच्या भेटीला दोनच गोष्टी आणायला सांगितल्या: डोकेदुखीची डायरी आणि घरी मोजलेल्या रक्तदाबाचे आकडे.