‘पुल्लिंगी’ कोण म्हणतो?

काही वर्षांपूर्वी एका भाषाविषयक नियतकालिकाकडून आम्हा दोघांना पत्र आले. सामग्री विश्वसनीय, मांडणी कमकुवत, सबब मोठी दुरुस्ती करून पुन्हा पाठवावे, असा परीक्षकांचा अभिप्राय होता. पत्र दोन पानांचे होते. पहिल्या वाचनात आम्ही दुखावलो आणि दुसऱ्या वाचनात गप्प झालो.

निबंधाचा विषय कोल्हापूरकडच्या स्त्रियांचे ‘मी आलो’, ‘मी जातो’ हे बोलणे. त्या जिल्ह्यातील एका तालुक्यातल्या तीन गावांत अठरा स्त्रियांचे सहज संभाषण आम्ही ध्वनिमुद्रित केले होते. सामग्री काळजीपूर्वक निवडली होती. ‘मी भाकरी खाल्ली’ यासारखी वाक्ये बाजूला काढली होती, कारण तेथे क्रियापद भाकरीच्या लिंगाप्रमाणे चालते. बोलणारी बाई की बुवा, हे त्यातून कळतच नाही. ‘मी जाईन’ हेही वगळले, कारण ते रूप प्रमाण मराठीतही दोघांना समानच आहे. जेथे ‘आलो’ आणि ‘आले’ यांत निवड शक्य आहे, एवढीच वाक्ये मोजली होती. परीक्षकांनी या भागाची मनापासून दखल घेतली होती.

त्यांचा आक्षेप शीर्षकापासूनच सुरू होत होता. ‘स्त्रियांच्या बोलीतील पुल्लिंगी रूपांचा वापर’ असे आम्ही लिहिले होते. त्यांनी विचारले, हे रूप पुल्लिंगी आहे, असे कोण म्हणते? ज्या बोलीत स्त्री-पुरुष दोघेही ‘मी आलो’ म्हणतात, त्या बोलीत ते रूप पुल्लिंगी नसून प्रथमपुरुषी एकवचनाचे सामान्य रूप असते. तृतीय पुरुषात त्याच स्त्रिया ‘तो आला, ती आली’ हा भेद नेमका पाळतात, हे तुमच्याच सामग्रीत आहे. म्हणजे लिंगभेद बोलीत आहे. तो फक्त ‘मी’पाशी मिटतो. पुढे त्यांनी एकच उदाहरण दिले होते. प्रमाण मराठीत स्त्रिया ‘आम्ही आलो’ म्हणतात, तेव्हा त्या अनेकवचनात पुरुषांची भाषा बोलतात, असे आपण म्हणतो का?

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. निबंधभर आम्ही स्वतःच ‘आम्ही’ म्हणत होतो आणि आमच्यापैकी एक स्त्री आहे.

दुसरा आक्षेप कारणमीमांसेवर होता. हा कन्नडचा प्रभाव, असे आम्ही प्रस्तावनेत ठामपणे लिहून टाकले होते. कन्नडमध्ये प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंग नसते, हे खरे. पण साम्य दाखवणे म्हणजे प्रभाव सिद्ध करणे नव्हे. त्यासाठी सीमेपासून दूरची आणि सीमेलगतची गावे शेजारी ठेवून पाहावी लागतात. एकाच तालुक्याची सामग्री या प्रश्नाचा निकाल देऊ शकत नाही. जे ती सांगू शकत नाही ते तिच्या तोंडी घालू नका, असे त्यांनी लिहिले होते.

मग ती काय सांगू शकते? त्यांनी आमच्या शेवटच्या, जवळजवळ परिशिष्टात ढकललेल्या तक्त्याकडे बोट दाखवले. एकच स्त्री जावेशी बोलताना ‘आलो’ म्हणते आणि शाळेच्या बाईंशी बोलताना ‘आले’. निबंधाचा खरा प्रश्न येथे होता. स्त्रिया पुरुषासारखे का बोलतात, हा प्रश्न चुकीचा होता. ‘मी’ म्हणताना आपले स्त्री असणे क्रियापदात दाखवण्याची वेळ बोलणारीवर केव्हा येते, हे विचारायला हवे होते.

येथे एक कबुली द्यायला हवी. त्या अठरांपैकी एक आमच्यातल्या एकीची आई आहे. ती लेक पुण्याच्या वसतिगृहात आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात ‘मी आलो’वर हशा पिकला आणि महिनाभरात तिच्या तोंडी ‘आले’ बसले. तो हशा आम्ही निबंधात शीर्षक करून छापायला निघालो होतो. आईच्या बोलण्याला आम्ही दिलेले नाव हसणाऱ्यांकडून उसने घेतलेले होते.

दुरुस्तीला सात महिने लागले. सामग्रीतला एक आकडाही बदलला नाही. शीर्षकातून ‘पुल्लिंगी’ गेले, कन्नडविषयीचा दावा उकरून काढून त्या जागी पुढच्या संशोधनासाठी एक प्रश्न ठेवला आणि शेवटचा तक्ता पहिला झाला. त्यासाठी ध्वनिमुद्रणे पुन्हा ऐकावी लागली. या वेळी कोण बोलते याबरोबरच कोण ऐकते, याचीही नोंद केली. काही ठिकाणी ऐकणारे आम्हीच होतो. टेप सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटे आई स्वतःच्या लेकीशी ‘आले’ म्हणत होती. चहाचे आधण ठेवायला उठली आणि ‘आलोच’ म्हणाली.

ती नोंद आता निबंधाच्या आरंभी आहे.